पाऊलठशावरून डायनासोरच्या खुब्याची उंची: चारने गुणायचं की ४.९ ने?

प्रश्न: मॅडम, आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तीन बोटांच्या डायनासोर-ठशाची प्लॅस्टरची प्रतिकृती आणली आहे. खाली ‘युब्रॉन्टिस’ असं लिहिलंय. मुलांनी लांबी मोजली तर कुणाची ३३, कुणाची ३५ आणि कुणाची ४१ सेंटिमीटर आली. खुब्याची उंची काढायला एका ठिकाणी चारने गुणा म्हणतात, दुसरीकडे ४.९ ने. मुलांना नेमकं काय सांगू? आणि एका मुलाला मसाई पठारावर असेच खड्डे दिसलेत, तेही ठसे असतील का? फोटो सोबत पाठवतोय. (शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर:

सर, तुमच्या ठशाची लांबी ३५ सेंटिमीटर धरा आणि मुलांना सांगा की या प्राण्याचा खुबा जमिनीपासून १.४ ते १.७ मीटरच्या दरम्यान होता. एकच आकडा देऊ नका. चारने गुणलं तर १४० सेंटिमीटर येतात, ४.९ ने गुणलं तर १७१.५. दोन्ही गुणक मान्यवर अभ्यासकांनी दिलेले आहेत आणि दोन्ही अजून वापरात आहेत. ते वेगळे का, हे मुलांना कळलं तर नुसत्या गुणाकारापेक्षा प्रदर्शनात सांगायला कितीतरी जास्त मिळेल.

पण गुणकाच्या आधी लांबीचं बघू. तुमच्या मुलांची मापं ३३ पासून ४१ पर्यंत गेली आहेत, म्हणजे आठ सेंटिमीटरचा फरक. ३३ ला चारने गुणलं तर १३२ येतात आणि ४१ ला ४.९ ने गुणलं तर जवळपास २०१. एकाच प्लॅस्टरच्या तुकड्यावरून एका मुलाचा डायनासोर खांद्याएवढा आणि दुसऱ्याचा दाराच्या चौकटीएवढा होतो. यातली बरीच तफावत मोजण्यातली आहे आणि ती वर्गातच दूर करता येते.

फोटोत मधल्या बोटाच्या टोकाकडे बघा. बोटाचा ठसा संपतो तिथे नखाचा टोकदार, खोल खळगा आहे. त्याच्या पुढे एक बारीक चर निघतो, तो किंचित आतल्या बाजूला वळतो, उथळ होत जातो आणि विरून जातो. ही नखाची ओढ आहे. प्राण्याने पाय उचलून पुढे नेला तेव्हा नख चिखलातून घासत गेलं. ती पायाची लांबी नाही. मागच्या बाजूलाही तसंच झालंय. टाचेसारख्या दिसणाऱ्या गोल गादीच्या मागे एक उतरता, गुळगुळीत पट्टा आहे, तिथे पाय टेकताना चिखल सरकलाय. ज्याने ४१ मोजले त्याने पुढची ओढ आणि मागची घसरण दोन्ही धरली. ज्याने ३३ मोजले त्याने बहुतेक नख वगळून बोटाच्या शेवटच्या गादीवरच पट्टी थांबवली. काही अभ्यासक मुद्दाम नखाशिवाय मोजतात, त्यामुळे ३३ ला चूक म्हणता येणार नाही. पण मग तसं लिहायला हवं आणि सगळ्या ठशांना तोच नियम लावायला हवा. मी स्वतः नखाचा नीट उमटलेला खळगा धरते आणि ओढ सोडते. तसं धरलं की ३५ येतात.

मोजण्याची रीतही मुलांना दाखवा. मधल्या बोटाच्या टोकापासून मागच्या गादीच्या मागच्या कडेपर्यंत, मधल्या बोटाच्या रेषेत, सरळ अंतर घ्यायचं. शिंप्याचा टेप ठशाच्या तळावर दाबून फिरवला की खोलीही लांबीत मिसळते आणि माप वाढतं. म्हणून वरून आडवी पट्टी धरायची आणि दोन्ही टोकं तिच्यावर सरळ वर आणायची. कड कुठली, हा वाद हमखास होतो. पाय रुतला की बाजूचा चिखल वर फुगतो आणि ठशाभोवती एक उंचवटा तयार होतो. त्या उंचवट्याच्या माथ्यावर मोजायचं नाही. भिंत उतरून तळाला जिथे मिळते तिथे मोजायचं, कारण पायाचा तळवा तिथवरच होता. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च जमिनीलगत आडवी धरा. सावलीत ही कड चटकन दिसते. मग तीन मुलांना एकमेकांचा आकडा न दाखवता मोजायला लावा. कड आधी ठरलेली असेल तर तिघांची मापं एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरच्या आत यायला हवीत.

मोजमापातली याहून मोठी गफलत मऊ चिखलात होते, तीही सांगून ठेवते. मांसाहारी डायनासोर बोटांवर चालत. आपण ज्याला ठशाची टाच म्हणतो ती खरी टाच नाही, तो बोटांच्या मुळाशी असलेला सांधा आहे. खरा घोटा त्याच्या बराच वर, हवेत असायचा. पण कधी चिखल फार खोल असला, किंवा प्राणी दबकून चालला, तर बोटांमागचं लांब हाडही जमिनीला टेकायचं आणि ठसा मागे लांबत जायचा. अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्लेन रोजजवळ पॅलक्सी नदीच्या पात्रात असे लांबट ठसे आहेत. त्यातल्या काहींची बोटं गाळाने भरून पुसट झाली आणि उरलेला लांबट आकार माणसाच्या राक्षसी पावलासारखा दिसू लागला. त्यावरून तिथे डायनासोर आणि माणसं एकत्र चालली असा दावा पुष्कळ वर्षं केला जात होता. बारकाईने पाहिल्यावर भरून गेलेल्या बोटांच्या कडा दिसल्या आणि कोडं सुटलं. असा ठसा पूर्ण लांबीने मोजून चारने गुणला तर खुबा कुठल्या कुठे जाईल. तो ओळखायचा तर लांबीची रुंदीशी तुलना करायची. तीन बोटं नीट फाकलेली आहेत आणि मागे मात्र अरुंद शेपूट लांबत गेलंय असं दिसलं, तर गुणाकार थांबवायचा आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या गादीपर्यंतच मोजायचं. तुमच्या प्रतिकृतीत असं काही नाही.

आता चारचं मूळ. १९७६ साली लीड्स विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅक्नील अलेक्झांडर यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यांना ठशांवरून डायनासोरच्या चालीचा वेग काढायचा होता. त्यासाठी खुबा जमिनीपासून किती उंच होता हे लागतं, आणि ठशात तर ते नसतं. त्यांनी सांगाड्यांची मापं पाहिली आणि पायाच्या ठशाची लांबी साधारण खुब्याच्या उंचीच्या पावपट असते असं धरलं. म्हणजे:

```
h = 4 × FL
```

इथे `h` म्हणजे खुब्याच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतचं उभं अंतर आणि `FL` म्हणजे ठशाची लांबी. दोन्ही एकाच एककात घ्यायची. हा अंदाज मुद्दामच ढोबळ होता. सगळ्या डायनासोरना एकच गुणक लावल्यावर काहींना तो कमी पडणार आणि काहींना जास्त होणार, हे उघड आहे.

पुढे क्वीन्सलँड विद्यापीठातल्या टोनी थलबॉर्न यांनी प्राण्यांचे गट वेगळे काढले. ठसा कुठल्या गटाचा आणि लहान की मोठा, हे पाहून वेगळा गुणक लावायचा. छोट्या मांसाहारींना, म्हणजे ठसा २५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर, ४.५. मोठ्या मांसाहारींना ४.९. दोन पायांवर चालणाऱ्या शाकाहारींमध्ये छोट्यांना ४.८ आणि मोठ्यांना ५.९. तुम्हाला दिसलेला ४.९ हा इथला आहे. युब्रॉन्टिस हे प्राण्याचं नाव नाही, ठशाच्या प्रकाराचं आहे. एडवर्ड हिचकॉक यांनी अमेरिकेच्या कनेक्टिकट खोऱ्यातल्या ठशांवरून ते एकोणिसाव्या शतकात दिलं. तो ठसा मांसाहारी डायनासोरचा मानला जातो आणि तुमचा ३५ सेंटिमीटरचा आहे, म्हणून थलबॉर्नच्या हिशेबात तो मोठ्या मांसाहारींच्या रांगेत बसतो.

मग अधिक बारकाईने काढलेला ४.९ च बरोबर आणि चार जुना, असं म्हणावंसं वाटतं. मी तसं म्हणत नाही, आणि त्याचं कारण मुलांना समजेल असं आहे. हे गुणक सांगाड्यांच्या पायाच्या हाडांवरून काढलेले आहेत. मांडीचं हाड, नडगीचं हाड आणि बोटांमागचं लांब हाड यांच्या लांब्या एकापुढे एक ठेवल्या की जो पाय मिळतो तो काठीसारखा ताठ असतो. जिवंत प्राणी तसा उभा राहत नाही. त्याचा गुडघा वाकलेला असतो, घोटा वाकलेला असतो, आणि खुबा त्या बेरजेपेक्षा खाली येतो. किती खाली, हे प्राणी कसा उभा राहत होता यावर अवलंबून आहे आणि हाडं ते पूर्ण सांगत नाहीत. शिवाय हाडांच्या पायावर मांसल गाद्या होत्या आणि बोटांच्या टोकाला नखाचं आवरण होतं. हाडांच्या पायाची लांबी आणि चिखलातल्या ठशाची लांबी एक नसते. २००३ मध्ये डोनाल्ड हेंडरसन यांनी संगणकात दोन पायांच्या डायनासोरच्या प्रतिकृती उभ्या करून, त्यांना चालवून, ठशांवरून खुब्याची उंची काढायच्या या पद्धती तपासल्या. तेव्हा अलेक्झांडर यांची साधी चारपट चांगलीच तग धरून राहिली. म्हणून मी दोन्ही आकडे देते. चार हा खालचा टोकाचा आकडा आणि ४.९ हा वरचा, असं धरून मधली जागा मोकळी सोडते.

मुलांना एक गंमत करून दाखवा म्हणजे गुणकांची मर्यादा लगेच कळेल. एक ठसा २४.९ सेंटिमीटरचा माना. तो छोट्यांत गेला, ४.५ ने गुणला, खुबा ११२ सेंटिमीटर. दुसरा ठसा २५.१ चा माना. तो मोठ्यांत गेला, ४.९ ने गुणला, खुबा १२३ सेंटिमीटर. ठशात फरक दोन मिलिमीटरचा आणि प्राणी मात्र अकरा सेंटिमीटरने उंच झाला. कुठलंही जनावर असं एका दिवसात वाढत नाही. २५ ची रेषा हिशेबाच्या सोयीसाठी ओढलेली आहे. थलबॉर्न यांनी या पायऱ्या टाळणारी घातांकाची सूत्रंही दिली आहेत, पण त्यांच्यातही लहान-मोठ्यांचे दोन तुकडे आहेतच. तुमच्या ठशाला मोठ्या मांसाहारींचं घातांकी सूत्र लावलं तर सुमारे १७७ सेंटिमीटर येतात, ४.९ च्या उत्तराहून थोडे जास्त. आठवी-नववीच्या मुलांसाठी त्यात शिरायची गरज नाही.

गुणक निवडताना सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. ठसा कुणाचा, हे ओळखण्यातच चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या विंटन गावाजवळ लार्क क्वारी नावाची जागा आहे. तिथे एका खडकावर छोट्या डायनासोरचे हजारो ठसे आहेत आणि त्यांच्यामधून जाणारी मोठ्या, तीन बोटांच्या ठशांची एक रांग आहे. थलबॉर्न आणि मेरी वेड यांनी १९८४ मध्ये लिहिलं की हा मोठा प्राणी मांसाहारी होता आणि त्याला बघून छोट्यांचा कळप उधळला. २०११ मध्ये अँथनी रोमिलिओ आणि स्टीव्हन सॅलिसबरी यांनी तेच मोठे ठसे पुन्हा मोजले आणि ते मोठ्या शाकाहारी प्राण्याचे असावेत असं मांडलं. थलबॉर्न यांना ते मान्य झालं नाही. आता हिशेब करा. ते मोठे ठसे साधारण अर्ध्या मीटरचे आहेत. ५० सेंटिमीटरला ४.९ ने गुणलं तर २४५ येतात आणि ५.९ ने गुणलं तर २९५. खडक तोच, पट्टी तीच, लांबी तीच, आणि खुबा अर्ध्या मीटरने वर गेला. लांब, निमुळती बोटं, टोकदार नखं आणि रुंदीपेक्षा जास्त लांबी असेल तर कौल मांसाहारीकडे जातो. जाड, आखूड बोटं, बोथट टोकं आणि जवळपास सारखीच लांबी-रुंदी असेल तर शाकाहारीकडे. तुमच्या फोटोत नखांचे खळगे स्पष्ट आहेत आणि ठसा लांबट आहे, त्यामुळे इथे मला शंका नाही. पण पुसट ठशात हीच लक्षणं आधी जातात, हे लक्षात असू द्या.

उत्तर कितपत जमतं हे बघायचं असेल तर टायरॅनोसॉरसचं उदाहरण घ्या. न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट इथे सुमारे ८३ सेंटिमीटर लांबीचा एक ठसा मिळाला आहे आणि तो बहुतेक टायरॅनोसॉरसचाच मानला जातो. चारने गुणलं तर ३.३ मीटर, ४.९ ने गुणलं तर ४.१ मीटर. पूर्ण वाढलेल्या टायरॅनोसॉरसच्या संग्रहालयात उभ्या केलेल्या सांगाड्यांचा खुबा साडेतीन ते चार मीटरच्या आसपास असतो. सांगाडा आणि ठसा एकाच प्राण्याचे नाहीत, म्हणून यातून एखादा गुणक सिद्ध होत नाही. पण खरं उत्तर दोन आकड्यांच्या मधे पडणं कसं दिसतं ते मुलांना कळेल.

वर्गातही एक तपासणी करता येईल, आणि ती मुलांना फार आवडते. प्रत्येकाने अनवाणी उभं राहून पायाची लांबी मोजायची. मग कमरेच्या खाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला टोचतं, तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. ते हाड साधारण खुब्याच्या सांध्याच्या पातळीला असतं. दुसऱ्या मापाला पहिल्याने भागायचं. बहुतेकांचं उत्तर साडेतीनच्या आसपास येईल, चार येणार नाही. कारण आपण टाच टेकून चालतो आणि आपल्या ठशात घोट्याखालचा सगळा पाय उमटतो. डायनासोरच्या ठशात फक्त बोटं असतात. गुणक हा पायाच्या घडणीतून येतो आणि तो एका घडणीकडून दुसरीकडे उचलून नेता येत नाही, हे त्यांना स्वतःच्या पायावरून दिसेल. वर्गातल्या मुलांचीही उत्तरं थोडी वेगवेगळी येतील. एकाच जातीत इतका फरक असेल तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, फक्त ठशावरून ओळखलेल्या प्राण्याबद्दल दशांश चिन्हापुढचे दोन आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

कोंबडीवर हाच प्रयोग करावा असं कुणीतरी सुचवेल, कारण पक्षी हे डायनासोरचेच वंशज. कल्पना चांगली आहे, पण तिथे फसायला होतं. कोंबडीचं मांडीचं हाड पिसांच्या आत जवळजवळ आडवं असतं आणि बाहेरून जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. खुबा बाहेरून सापडत नाही. शिवाय मांडी आडवी असल्यामुळे तिच्या पायाचं गणित लांब शेपटीच्या, मांडी जास्त उभी ठेवणाऱ्या डायनासोरसारखं नसतं.

पावसाळा ओसरला की पंचगंगेच्या काठी गाळ बसतो, तिथे मुलांना न्या. एकाच मुलाला तीन जागी चालवा: जिथे गाळ नुकताच घट्ट होतोय तिथे, जिथे तो ओला आणि चिकट आहे तिथे, आणि जिथे पाय घोट्यापर्यंत रुततो तिथे. तिन्ही ठसे मोजा. पाय एकच, पण तीन लांब्या येतील. घट्ट गाळात पायाच्या रेषा आणि बोटं स्वच्छ उमटतात आणि लांबी खऱ्या पायाच्या जवळ असते. रुतणाऱ्या गाळात पाय बाहेर काढताना कडा कोसळतात आणि ठसा कधी लांबतो, कधी आक्रसतो. खडकातल्या ठशांच्या रांगेत हेच होतं. म्हणून रांग मिळाली तर सगळ्यांची सरसकट सरासरी काढत नाहीत. ज्यात बोटांच्या गाद्या आणि नखं वेगवेगळी दिसतात तेवढे ठसे निवडून त्यांची सरासरी घेतात. तुमच्याकडे एकच ठसा आहे, तो नशिबाने चांगला उमटलेला आहे. त्यामुळे ३५ च्या आकड्यावर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे, तरी तो एकाच पावलाचा आहे हे फलकावर लिहा.

मुलं पुढे विचारतीलच की हा किती वेगाने पळायचा. एका ठशावरून ते सांगता येत नाही. त्यासाठी ढांग हवी, म्हणजे उजव्या पायाच्या एका ठशापासून उजव्याच पायाच्या पुढच्या ठशापर्यंतचं अंतर. अलेक्झांडर यांचं सूत्र असं आहे:

```
v = 0.25 × g^0.5 × SL^1.67 × h^(-1.17)
```

यात `SL` ही ढांग मीटरमध्ये, `g` म्हणजे ९.८ आणि वेग मीटर प्रतिसेकंद मिळतो. खुब्याची उंची इथे किती खेळ करते ते बघण्यापुरती एक ढांग मानू, तीन मीटरची. खुबा १.४ मीटर धरला तर वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर येतो, १.७१५ धरला तर सुमारे साडेनऊ. खुबा उंच धरला की वेग कमी होतो, कारण लांब पायाच्या प्राण्याला तेवढी ढांग सहज पडते. आणि नुसता वेग नाही, चालही बदलते. ढांगेला खुब्याच्या उंचीने भागून उत्तर दोनपेक्षा कमी आलं तर प्राणी चालत होता असं मानतात, त्यावर गेलं तर दुडक्या चालीत होता, आणि २.९ च्या पुढे गेलं तर पळत होता. तीन मीटरला १.४ ने भागलं तर २.१४ येतात, १.७१५ ने भागलं तर १.७५. एका गुणकाने आपला डायनासोर दुडकतोय आणि दुसऱ्याने शांत चालतोय. म्हणून कुठे वेगाचा आकडा वाचलात तर आधी बघा, त्यांनी खुब्यासाठी किती पट धरली होती. ते लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करू नका.

फलकावर माझ्या मते एवढं पुरे: ठशाचा प्रकार युब्रॉन्टिस, लांबी ३५ सेंटिमीटर, नखासह, ओढ वगळून, खुब्याची अंदाजे उंची १.४ मीटर (चारपट) ते १.७ मीटर (४.९ पट). शेजारी भिंतीवर या दोन उंचींना रंगीत पट्ट्या चिकटवा. प्रदर्शनाला आलेली माणसं आपोआप जवळ उभी राहून मापून बघतात. खुबा म्हणजे डोकं नव्हे, हेही तिथेच लिहा. मांसाहारी डायनासोरचं शरीर आडवं तोललेलं असायचं, पुढे धड आणि मागे शेपूट, त्यामुळे डोकं खुब्यापेक्षा फार उंच असेलच असं नाही. ‘डायनासोरची उंची १.७ मीटर’ असं लिहिलंत तर वाचणारा चुकीचं चित्र डोळ्यांपुढे आणेल.

आता मसाई पठार. ते ठसे नाहीत, आणि हे मी फोटो न बघताही म्हटलं असतं. पन्हाळा आणि मसाई पठाराचा माथा जांभ्याचा आहे. जांभा हा बेसॉल्ट कुजून, पावसाने धुऊन तयार झालेला दगड. त्यात खड्डे, नळ्या, पोकळ्या असतातच, आणि दोन-तीन जवळजवळ आले की बोटांसारखे दिसतात. खालचा काळा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वाहिलेला लाव्हा, त्यात पाऊल उमटून टिकायचं नाही. ठसा टिकायला गाळ लागतो: ओला, बारीक, नंतर वाळलेला आणि दुसऱ्या गाळाने झाकला गेलेला. तसे खडक आपल्या देशात राजस्थानात जैसलमेरजवळ आहेत. तिथल्या थईयात गावच्या परिसरात युब्रॉन्टिस प्रकारचेच तीन बोटांचे ठसे मिळालेले आहेत आणि ते ज्युरासिक काळाच्या सुरुवातीचे, म्हणजे आपल्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुने आहेत.

त्या मुलाचा हिरमोड मात्र करू नका. त्याला पट्टी आणि वही देऊन परत पाठवा आणि प्रत्येक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, आणि पुढचा खड्डा किती अंतरावर, कुठल्या दिशेला, हे लिहायला सांगा. खऱ्या ठशांच्या रांगेत डावा-उजवा आलटून-पालटून येतो, बोटं एकाच दिशेला रोखलेली असतात आणि अंतरं सारखी पडत जातात. जांभ्याच्या खड्ड्यांमध्ये यातलं काही जुळणार नाही, आणि ते का जुळलं नाही हे तो स्वतःच्या वहीतून दाखवू शकेल. ती वही प्रतिकृतीच्या शेजारीच मांडा.